फळ्यावर न आलेली ओळ

आमच्या इमारतीत तिला सगळे नोटीसकाकू म्हणतात. मी तिला तोंडावर काकू म्हणत नाही, कारण आम्ही साधारण एका वयाच्या. मी तिच्या खालच्या मजल्यावर राहते. तिच्या खुर्चीचा आवाज मला वरून ऐकू येतो आणि माझ्या कुकरची शिट्टी तिला खालून, एवढी आमची ओळख पक्की.

ती एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. नोकरी संपली, मग नवरा गेला, आणि घरात बसून काय करायचं म्हणून तिनं सोसायटीच्या ऑफिसात बसायला सुरुवात केली. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, अडखळत कागद ओढणारा प्रिंटर, आणि भिंतीवर पंप, लिफ्ट, गच्ची अशा सगळ्या किल्ल्यांची खिळे ठोकलेली लाकडी पट्टी. बाहेर पोर्चमध्ये काचेचा फळा. फळ्याची किल्ली मात्र त्या पट्टीवर नसे. ती काकूच्या पर्समध्ये.

हे काम तिच्याकडे आलं ते आमच्या अध्यक्षांमुळे. अध्यक्ष माणूस भला, पण त्यांचा मेसेज म्हणजे वरात. पाण्याची टाकी धुवायची असली तर ते इंग्रजी मोठ्या अक्षरांत ओरडत. एक मला अजून आठवतो:

SARVANNI LAKSH DYA ‼️‼️🙏🙏 UDYA PANI NAHI 🚱🚱🚱 TAKI SAFAI 🧹💦 BHARUN THEVA 🪣🪣 NANTAR TAKRAR NAKO 😡🙏

यात पाणी किती वाजता जाणार आणि किती वाजता येणार, हे कुठेच नव्हतं. लोकांनी अध्यक्षांना फोन करून करून भंडावून सोडलं. ते घाम पुसत जिन्याखाली आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जरा याचं काहीतरी करा."

तिनं केलं. अध्यक्षांना समोर बसवून विचारलं, "कुठल्या विंगचं? सुरू कधी, बंद कधी? टाकी धुणाऱ्या माणसाचा नंबर?" आणि कागद आला. वर मधोमध 'सूचना', उजवीकडे तारीख, मग विषय, मग साध्या चार वाक्यांत सगळं, खाली सही, सहीच्या बाजूला शिक्का, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात हा कागद कधी काढायचा ती तारीख. फळ्यावर शिळा कागद राहिला की लोक ताजाही वाचत नाहीत, असं तिचं म्हणणं.

अध्यक्ष तो कागद हातात धरून म्हणाले, "हे मी म्हणालो होतो?"

"हो," ती म्हणाली. "फक्त हळू आवाजात."

तेव्हापासून कुणाचाही मेसेज आधी तिच्याकडे आणि मग फळ्यावर.

तिची पद्धत मी शेजारी बसून पुष्कळदा पाहिली आहे. मेसेज ती कॉम्प्युटरवर उघडायची, सगळा मजकूर उचलून कोऱ्या पानावर चिकटवायची, आणि खोडायला सुरुवात करायची ती खालून. वरून नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "फिरत आलेल्या मेसेजचा कचरा तळाशी बसतो. वाटेत ज्याच्या ज्याच्या हातात गेला, त्यानं खाली आपलं काहीतरी जोडलेलं असतं. दहा जणांना पाठवा. माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत खरंच असं घडलं. मला पण अनुभव आला. हा कोण, त्याचा मेव्हणा कोण, कुणाला ठाऊक? तो गाळ आधी काढायचा." मग चित्रं जायची. मग मोठी अक्षरं. उरेल त्यातलं काय खरं, ते ती फोन करून विचारायची. पाण्याचं असेल तर पाणी खात्याला, विजेचं असेल तर वीज खात्याला. खरं निघालं तेवढंच मराठीत टाईप करायची. खोटं निघालं तर पाठवणाऱ्याला कळवायची, "लावत नाही."

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या मुलीची मांजर हरवली. मुलीनं आईच्या फोनवरून लांबलचक मेसेज केला होता, रडक्या तोंडांची रांगच्या रांग. काकूनं कागद केला: मांजर, रंग पांढरा, शेपटी काळी, गळ्यात लाल पट्टा, आढळल्यास संपर्क. मुलगी ऑफिसात आली, कागद वाचला आणि म्हणाली, "पण ती थंडीत कधी बाहेर राहिली नाहीये, हे लिहिलंच नाही."

"त्यानं ओळखायला मदत होत नाही, बाळा," काकू म्हणाली.

मुलगी कागद टेबलावर ठेवून गेली. मांजर मिळाली नाही. असो.

आता तिच्या मुलाचं सांगते, कारण हे सगळं सांगायला बसले ती त्याच्यासाठीच.

एकच मुलगा. मोठाल्या छपाईयंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत होता, फिरतीची नोकरी, दुसऱ्या शहरात भाड्याची खोली. लग्न झालं होतं, टिकलं नाही. मला तो मावशी म्हणतो. लहानपणी बोलका होता. शाळेतून आला की जिन्यातूनच सांगायला सुरुवात करायचा, आणि गोष्ट मुद्द्यावर यायच्या आधी बस, कंडक्टर, कंडक्टरची टोपी असं सगळं यायचं. वरून हिचा आवाज, "मुद्द्याचं बोल." मायेनंच म्हणायची. दिवसभर साहेबानं शब्द मोजून सांगितलेलं टाईप करून आलेली बाई, तिला लांबण सहन होत नसे. पुढे तो वसतिगृहात गेला, तिथून पत्रं आली, तर तिनं सुट्टीत त्याच्यासमोर बसून त्याच पत्रांत काय काय गाळता आलं असतं ते दाखवलं. शिकावं म्हणून. मुलगा शिकला. बाप गेला तेव्हा त्याचा फोन आला, "निघालो. पोचतो." एवढाच.

त्यानंतर फोन महिन्या-दोन महिन्यांतून. मेसेज मात्र रोज, आणि तोही त्याचा नसे, कुणाचा तरी पुढे ढकललेला. सकाळची फुलं, गुडघेदुखीवर उपाय, भामट्यांपासून सावध राहा, बँक तुमचा नंबर कधीच विचारत नाही. वर बारीक तिरप्या अक्षरात 'फॉरवर्डेड'. त्यातलं जे इमारतीच्या उपयोगाचं ते ती फळ्यासाठी घ्यायची. ही नोटीस माझ्या मुलानं पाठवली होती, असं कधी कुणाला सांगायची नाही, पण ते कागद लावताना ती पिना जरा जास्त नीट टोचायची. मी पाहिलंय.

एकदा फळ्याची काच पुसता पुसता ती मला म्हणाली, "रोज आठवण करतो. बोलत नाही, पण पाठवतो. एखाद दिवशी स्वतःचं काहीतरी लिहील."

"तू लिही की आधी," मी म्हणाले.

"मी काय लिहू? त्याला कामं असतात."

दोघांच्या मध्ये शिरायला मी कोण? देवाजवळ मात्र मागितलं की याला बुद्धी दे, चार शब्द लिहू देत.

मग तो मेसेज आला. मी तिथेच होते, मटार सोलत. कॉम्प्युटरचा पडदा तिच्यासमोर, मी टेबलाच्या या बाजूला. ती म्हणाली, "आज कामाचं पाठवलंय." आणि मोठ्यानं वाचायला लागली. भोंग्यांची लाल चित्रं, तुटलेली हृदयं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत आरडाओरडा: छातीत दुखतंय? दुर्लक्ष करू नका. डाव्या हातात कळ, घाम, धाप. मग जोरजोरात खोका म्हणजे झटका थांबतो, कोमट पाण्यात लसूण घ्या म्हणजे नळ्या साफ होतात. मग सगळ्यांना पाठवा, एक जीव वाचेल. मग जोडलेल्या हातांची ओळ. आणि हातांच्या खाली, मराठी अक्षरांत, "हे सगळं मला पण होतंय. जिना चढताना जास्त. काय करावं कळत नाही."

"घ्या," काकू म्हणाली. "आता यालाही होतंय. खाली कुणाला तरी होतंच असतं."

आणि तिनं खालून सुरुवात केली. ती ओळ गेली, मग हात गेले, मग सगळ्यांना पाठवा गेलं.

लसणाबद्दल तिला शंका होती, म्हणून तिनं तळमजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांचा दवाखाना इमारतीतच. ते उभ्या उभ्या वाचून हसले. म्हणाले, "लसूण काढा, खोकला काढा. जबडा दुखणं, पाठीत दुखणं राहिलंय, ते घाला. बाकी खरं आहे. फक्त वाट पाहू नका, स्वतः गाडी चालवत जाऊ नका, ॲम्ब्युलन्स बोलवा, हे ठळक करा. आणि हा कागद काढूच नका. कायमचा राहू दे."

काकूनं सुरेख नोटीस केली. लक्षणं एकाखाली एक, मग काय करावं, मग काय करू नये, ॲम्ब्युलन्सचा नंबर, दवाखान्याचा नंबर. तळाशी काढण्याची तारीख नसलेली ही तिची पहिलीच नोटीस. तिनं मुलाला उत्तर पाठवलं. एरवी ती पाठवत नसे. लिहिलं, "चांगली माहिती. उपयोग केला."

त्याच्याकडून दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं. पुढे काही नाही.

त्यानंतर फुलं बंद झाली. ती मला म्हणाली, "मोठ्या कामावर असेल." फोन केला तर लागला नाही, मग लागला तर म्हणाला, "कामात आहे, बरा आहे." ती काळजी चेहऱ्यावर घेऊन हिंडत होती, पण बोलत नव्हती. ऑफिसात मात्र येत होती. लिफ्ट बंदची नोटीस, गच्चीवर कपडे वाळत घालण्याची नोटीस, सगळं वेळच्या वेळी.

पावसाळा संपला तसा तो अचानक आला.

मी भाजी घेऊन येत होते. पोर्चमध्ये पाठमोरा एक माणूस फळ्यासमोर उभा. खांद्याला बॅग, शर्ट हँगरला अडकवल्यासारखा. तो आहे हे मला आवाजानं कळलं.

"मावशी, हे आईनं केलंय ना?"

"आणखी कोण करणार? तूच तर पाठवलं होतंस. तेव्हापासून लावलंय, डॉक्टर काढू देत नाहीत." मी जवळ गेले. "अरे, केवढा वाळलायस तू."

तो काचेवर बोट ठेवून वाचत होता, एकेक ओळ खाली उतरत. शेवटच्या नंबरापाशी बोट थांबलं. त्याच्या खाली कोरा कागद होता. त्या कोऱ्या जागेवरही त्यानं क्षणभर बोट ठेवलं.

"छान केलंय," तो म्हणाला. "सगळं मुद्द्याचं."

लिफ्ट चालू होती. आम्ही वर गेलो. नुसतं उभं राहूनही तो मधल्या मजल्यापर्यंत दमला आणि लिफ्टच्या भिंतीला टेकला.

संध्याकाळी मी वर दूध द्यायला गेले, तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तो टेबलाशी बसून एका पट्टीतून गोळ्या काढत होता. एक, मग दुसऱ्या डबीतली, मग तिसऱ्या.

"कसल्या रे?" ती म्हणाली.

"हृदयाच्या."

मला परत जावं असं वाटलं, पण दुधाचं भांडं हातातच होतं.

त्यानं गोळ्या घेतल्या, पाणी प्यायला, आणि सांगितलं. कामावर यंत्राखाली वाकलेला असताना पडला. बरोबरच्या माणसांनी दवाखान्यात नेलं. नळीत जाळी बसवली. सह्या कंपनीच्या साहेबानं केल्या. शेजारच्या खोलीतला एक स्वयंपाकी दुपारी येऊन बसायचा, त्यानंच खोलीवर परत आणलं. असं सगळं त्यानं दोन-चार वाक्यांत सांगितलं. कंडक्टरची टोपी नाही, काही नाही.

"आणि मला कळवलं नाहीस?" तिचा आवाज वर गेला. "मी मेले होते का? शेजारचा स्वयंपाकी चालतो, आणि आई…"

"कळवलं होतं."

"कधी?"

"पडायच्या आधी," तो म्हणाला. चिडून नाही, उलट जरा हसला. "खाली लावलंयस की. माझी ओळ तेवढी राहिली."

तिला कळलं नाही. मला कळलं. दुधाचं भांडं मी हळूच ओट्यावर ठेवलं.

"कुठली ओळ?" ती म्हणाली.

"हातांच्या खालची."

ती तिथेच स्टुलावर बसली. म्हणाली, "ती तुझी होती? अरे, मग सरळ लिहायचं ना. आई, मला असं असं होतंय. एवढं लिहायचं."

"बसलो होतो सरळ लिहायला. जमलं नाही. आपल्यात कोण सरळ लिहितं?" त्यानं गोळ्यांच्या डब्या एकात एक बसवल्या. "म्हटलं, त्या मेसेजच्या खाली घालतो, म्हणजे माझं काय दुखतंय ते परत सांगायला नको. तुझं उत्तर आलं, चांगली माहिती, उपयोग केला. मी म्हटलं, बरोबर आहे. माहितीच होती."

"असं बोलू नकोस रे," मी म्हणाले.

"नाही मावशी, मी रागावलो नाहीये." आणि तो खरंच रागावलेला नव्हता. ते जास्त वाईट होतं. रागावला असता तर भांडला असता, भांडला असता तर सकाळपर्यंत काहीतरी मिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. रजा तेवढीच होती, म्हणाला. तिनं डबा दिला, तो घेतला. तिनं विचारलं, "राहतोस का इथेच काही दिवस?" तर म्हणाला, "बघू." पोर्चमधून जाताना त्यानं फळ्याकडे पाहिलं नाही.

मग ती माझ्याकडे आली, फोन घेऊन. बसली आणि तो मेसेज वर काढला. आधीच्या सगळ्या फुलांमधून तो शोधला. मला दाखवला.

"वर बघ," ती म्हणाली.

मी पाहिलं. काही नव्हतं.

"फॉरवर्डेड लिहिलेलं नाही. बाकी सगळ्यांवर आहे. हा त्यानं उचलून, चिकटवून, खाली स्वतः लिहून पाठवला होता. पुढे ढकललेला नव्हता. मी कॉम्प्युटरवर मजकूर चिकटवते ना, त्यात ते बारीक अक्षर येतच नाही. म्हणून मी कधी वर पाहिलंच नाही." ती बोट फिरवत राहिली. "आणि बघ, वरचं सगळं इंग्रजी अक्षरांत. ही एकच ओळ मराठी अक्षरांत."

"तुला काय माहीत असणार?"

"मी मोठ्यानं वाचली ग. माझ्या तोंडानं वाचली."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मनात देवाचं नाव घेतलं. त्यानंच तो मुलगा यंत्राखालून उचलला होता. त्याला आणखी काय मागायचं, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

यानंतर तिच्या नोटिसा बिघडल्या. म्हणजे लोक तसं म्हणतात. ती खालचं काढेनाशी झाली. बाराव्या घरातल्या म्हाताऱ्यांची छत्री हरवली, तर नोटिशीत आलं की ही छत्री त्यांना त्यांच्या पत्नीनं घेऊन दिली होती. जिन्यातल्या सायकली हलवा या नोटिशीखाली, एका सायकलीला हात लावू नका, ती ज्याची आहे तो परत येणार आहे असं त्याची बहीण म्हणते, असं लिहिलेलं. अध्यक्ष जिन्याखाली आले.

"बाई, हे काय? कागद दोन पानांवर चाललाय. माझी रागावलेली तोंडंसुद्धा ठेवलीत तुम्ही."

"तुम्ही रागावला होतात ना?"

"होतो," अध्यक्ष म्हणाले. "पण ते जरा… गाळायचं असतं."

"मला आता कळत नाही काय गाळायचं ते," ती म्हणाली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, ते गेले. भला माणूस आहे, मी आधीच म्हणाले.

मुलाला ती फोन करत होती. तो उचलायचा. "बरा आहे. गोळ्या चालू आहेत. जेवलो. ठेवू?" शब्द एवढेच, आणि सगळे बरोबर. काही पाठवत मात्र नव्हता. फुलं नाहीत, गुडघे नाहीत.

एक दिवस तिनं मला ऑफिसात बोलावलं. पडद्यावर कोरं पान. "त्याला लिहायचंय," ती म्हणाली. "तू बस."

मी बसले. तिनं लिहिलं. मग खोडलं. पुन्हा लिहिलं. मग पडदा माझ्याकडे वळवला. मी वाचलं आणि मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. लिहिलं होतं: तुझ्या आजारपणाची माहिती वेळेवर लक्षात न आल्याबद्दल मला खेद वाटतो. यापुढे काळजी घेण्यात येईल.

"खाली शिक्का मार," मी म्हणाले.

तीही हसली. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाली, "माझ्या हातातून दुसरं निघतच नाही ग. मी लिहायला घेते ते सगळं सूचना होऊन येतं. ते चित्रांमधलं कुठलं टाकू? यातलं आईचं कुठलं?"

आम्ही दोघींनी चष्मे लावून तिच्या फोनमधली चित्रं पाहिली. रडणारी तोंडं होती, हसून रडणारी होती, हृदयं तर इतक्या रंगांची होती की कुणी कशासाठी केली असतील देव जाणे. तिला हवं ते त्यात नव्हतं. नक्की काय हवं होतं, तेही तिला सांगता येईना.

शेवटी तिनं तोच मेसेज घेतला. पुढे ढकलला नाही. ढकलला असता तर वर ते बारीक अक्षर आलं असतं. उचलून चिकटवलाही नाही. फोन समोर ठेवून एकेक अक्षर हातानं टाईप केलं, मोठ्या अक्षरांतला सगळा आरडाओरडा, लसूण, खोकला, सगळं. जिनं आजवर ते काढून टाकलं होतं ती बाई भोंग्याचं चित्र शोधत होती. तुटलेलं हृदय मी शोधून दिलं. जोडलेले हात तिनं जितके होते तितके ठेवले, मोजून नाही, डोळ्यांनी पाहून. मग त्याची ओळ, जशीच्या तशी. आणि तिच्या खाली स्वतःची:

"ही ओळ मी वाचली होती. तुझी आहे हे कळलं नाही. आई."

मेसेज पाठवून झाल्यावर तिनं फोन पालथा ठेवला. मी सुलटा केला. तिनं पुन्हा पालथा ठेवला.

दोन खुणा आल्या, त्या संध्याकाळपर्यंत निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं नाही, त्याच्यापुढे आलं नाही. ती रोज ऑफिसात येत होती, किल्ल्या पट्टीवर नीट लावत होती, फळ्याची काच पुसत होती. ती छातीदुखीची नोटीस तशीच आहे. तिनं एकदा काढायला काच उघडली होती. डॉक्टर नेमके समोरून आले आणि म्हणाले, "तिला हात लावू नका हं. परवाच वॉचमन वाचून माझ्याकडे आला, पोटात गॅस निघाला, पण आला ना." तिनं काच बंद केली.

मग काही दिवसांनी माझ्या दारावर थाप पडली. ती उभी होती, धाप लागलेली. जिना उतरून आली होती, लिफ्टची वाट न पाहता.

"त्याचा आलाय," ती म्हणाली.

आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो. तिनं उघडला. सूर्य उगवताना, त्याच्यासमोर दवाचे थेंब असलेलं फूल, शुभ सकाळ. खाली लांबलचक मजकूर: हसत राहा, पाणी प्या, चालायला जा, कुणाचं मन दुखवू नका, हा मेसेज तुमच्या जवळच्या माणसांना पाठवा. आणि वर बारीक तिरप्या अक्षरात 'फॉरवर्डेड'.

"पाठवलं ना पण," मी म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली. "पाठवलं."

तिनं तो वाचला. वरून खाली, सगळा, एकही शब्द न गाळता, ओठ हलवत. तळाशी पोचली, तिथे थांबली. बोटानं आणखी वर सरकवला, पुढे काही असलं तर यावं म्हणून. पडदा तेवढ्यापुरता वर गेला आणि परत जागेवर आला.

"इथे काही नाही ना ग?"

"नाही."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि फोन माझ्या हातात दिला. "तू बघ एकदा नीट. माझं लक्ष नसतं."

मी पाहिलं. तळाशी जोडलेल्या हातांची ओळ होती, आणि त्या हातांच्या खाली काही नव्हतं.